गॅस टर्बाइन चक्र : रिजनरेशन आणि इंटरकूलिंग

गॅस टर्बाइन ब्रेटन चक्रावर चालते. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून दाबतो, ज्वलनकक्षात ती जवळजवळ स्थिर दाबाला तापते, टर्बाइनमध्ये प्रसरण पावते आणि तिथून बाहेर पडते. टर्बाइन आणि कॉम्प्रेसर एकाच शाफ्टने जोडलेले असल्यामुळे टर्बाइनच्या कार्यातून आधी कॉम्प्रेसरचा वाटा जातो आणि उरेल तेच निव्वळ कार्य. हा वाटा फार मोठा असतो. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे १९३९ साली वीजनिर्मितीसाठी बसवलेल्या गॅस टर्बाइनमध्ये टर्बाइनच्या सुमारे १५ मेगावॅटपैकी सुमारे ११ मेगावॅट कॉम्प्रेसरच घेत असे. जनित्राला मिळत ४ मेगावॅट आणि औष्णिक कार्यक्षमता होती जेमतेम १७ टक्के.

या चक्रात दोन ठिकाणी तोटा ठळकपणे दिसतो. टर्बाइनमधून बाहेर पडणारा वायू अजून खूप तापलेला असतो, आणि दाबताना हवा तापत गेल्यामुळे कॉम्प्रेसरला जास्त कार्य लागते. पहिल्यावरचा उपाय रिजनरेशन, दुसऱ्यावरचा इंटरकूलिंग. हे दोन्ही उपाय एकाच ओळीत शिकवले जातात, त्यामुळे दोन्ही कार्यक्षमता वाढवतात असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्यांची कामे वेगळी आहेत, आणि इंटरकूलिंग एकटे लावले तर कार्यक्षमता घटूही शकते.

हा फरक एका उदाहरणात नीट दिसतो. हवा ३०० केल्विनला आत येते, दाबगुणोत्तर ९ आहे आणि टर्बाइनच्या तोंडाशी तापमान १३०० केल्विन आहे. कॉम्प्रेसरची समएन्ट्रॉपी कार्यक्षमता ८५ टक्के आणि टर्बाइनची ८८ टक्के धरू. हवेची विशिष्ट उष्णता १.००५ किलोजूल प्रति किलोग्रॅम केल्विन आणि विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर १.४, दोन्ही स्थिर. साध्या चक्रात कॉम्प्रेसरमधून हवा ६०८ केल्विनला बाहेर येते आणि टर्बाइनमधून वायू ७६७ केल्विनला. दर किलोग्रॅम हवेमागे टर्बाइन ५३६ किलोजूल देते, कॉम्प्रेसर ३१० घेतो आणि २२६ उरतात. इंधनातून ६९५ किलोजूल द्यावे लागतात, म्हणून कार्यक्षमता ३२.५ टक्के.

आता रिजनरेटर बसवू. हा उष्णता विनिमयक आहे. कॉम्प्रेसरमधून आलेली ६०८ केल्विनची हवा ज्वलनकक्षात जाण्याआधी त्यातून जाते आणि ७६७ केल्विनचा निष्कासित वायू भिंतीच्या पलीकडून वाहत तिला तापवतो. दोन्ही तापमानांत १५८ अंशांचा फरक आहे. रिजनरेटरची परिणामकारकता ८० टक्के असेल, तर हवेला त्यातले १२७ अंश मिळतात आणि ती ७३५ केल्विनला पोचते. आता इंधनातून फक्त ५६८ किलोजूल लागतात. टर्बाइन आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाशी काहीच बदललेले नाही, त्यामुळे निव्वळ कार्य तेच २२६. कार्यक्षमता मात्र ३९.८ टक्क्यांवर जाते. रिजनरेटर कार्य वाढवत नाही, तो इंधन वाचवतो.

इंटरकूलिंगमध्ये हवा दोन टप्प्यांत दाबतात. पहिल्या टप्प्यात दाब तिप्पट करायचा, हवा पुन्हा ३०० केल्विनपर्यंत थंड करायची आणि दुसऱ्या टप्प्यात पुन्हा तिप्पट. दोन्ही टप्प्यांचे गुणोत्तर सारखे ठेवले की एकूण कार्य सर्वांत कमी लागते. थंड हवेचे आकारमान कमी असते, आणि ठरावीक दाबगुणोत्तरासाठी लागणारे कार्य आत येणाऱ्या हवेच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असते. म्हणून दुसरा टप्पा स्वस्तात होतो. कॉम्प्रेसरचे कार्य ३१० वरून २६२ वर येते आणि निव्वळ कार्य २७४ होते, म्हणजे सुमारे २१ टक्के जास्त. तेवढ्याच हवेतून आणि तेवढ्याच टर्बाइनमधून.

पण दुसऱ्या टप्प्यातून हवा ६०८ ऐवजी ४३० केल्विनलाच बाहेर पडते. तिला १३०० पर्यंत नेण्यासाठी ६९५ ऐवजी ८७४ किलोजूल लागतात. ४८ किलोजूल जादा कार्यासाठी १७९ किलोजूल जादा उष्णता द्यावी लागली. या जादा उष्णतेचा परतावा २७ टक्के आहे, तर मूळ चक्राचा ३२.५. त्यामुळे एकूण कार्यक्षमता ३१.४ टक्क्यांवर घसरते.

खरी गंमत दोन्ही एकत्र लावल्यावर आहे. इंटरकूलरने हवा थंड केल्यामुळे आता रिजनरेटरच्या दोन बाजूंमध्ये १५८ ऐवजी ३३६ अंशांचा फरक आहे. त्याच ८० टक्के परिणामकारकतेने हवा ४३० वरून ६९९ केल्विनला पोचते. इंधनातून ६०४ किलोजूल लागतात, निव्वळ कार्य २७४ कायम राहते आणि कार्यक्षमता ४५.५ टक्के होते. इंटरकूलरमुळे जी उष्णता जादा द्यावी लागत होती, तिचा मोठा भाग आता निष्कासित वायूच देतो.

रिजनरेशनला दाबगुणोत्तराची कडक मर्यादा आहे. दाब वाढवला की कॉम्प्रेसरमधून बाहेर येणारी हवा अधिक तापते आणि टर्बाइनमधून बाहेर पडणारा वायू अधिक थंड होतो. वरच्या उदाहरणात, इंटरकूलर नसताना, दाबगुणोत्तर १४ च्या आसपास ही दोन तापमाने सारखी होतात. त्यापुढे रिजनरेटर उलटा चालतो, दाबलेल्या हवेतली उष्णता वायूला देऊन ती बाहेर घालवतो. आदर्श रिजनरेटर असलेल्या चक्राची कार्यक्षमता अशी येते:

η = 1 − (T1/T3) · r^((k−1)/k)

इथे T1 म्हणजे आत येणाऱ्या हवेचे तापमान, T3 म्हणजे टर्बाइनच्या तोंडाशी असलेले तापमान, k म्हणजे विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर आणि r म्हणजे दाबगुणोत्तर. दाबगुणोत्तर वाढले की कार्यक्षमता घटते, साध्या आदर्श चक्राच्या नेमके उलट. म्हणून रिजनरेटर असलेल्या लहान टर्बाइनमध्ये दाबगुणोत्तर मुद्दाम कमी ठेवतात, तर उच्च दाबाच्या विमान इंजिनांवरून बेतलेल्या यंत्रांत तो सहसा नसतो. एलएमएस१०० या सुमारे १०० मेगावॅटच्या यंत्रात इंटरकूलर आहे, रिजनरेटर नाही. तिथे दाबगुणोत्तर चाळीसच्या वर आहे. एवढ्या दाबाला कॉम्प्रेसरमधील तोटे इतके वाढलेले असतात की नुसते इंटरकूलिंगही फायद्याचे ठरते, शिवाय पात्यांना थंड ठेवणारी हवाही कमी तापमानाला मिळते. म्हणजे इंटरकूलिंगने कार्यक्षमता घटते हे विधानही दाबगुणोत्तर सांगितल्याशिवाय अर्धवट आहे.

वरच्या हिशेबात दाबाचा ऱ्हास धरलेला नाही. प्रत्यक्षात रिजनरेटरच्या अरुंद वाटांतून जाताना हवा आणि वायू दोघेही थोडा दाब गमावतात. फक्त रिजनरेटर असलेल्या चक्रात दोन्ही बाजूंना ३ टक्के ऱ्हास धरला, तर टर्बाइनला मिळणारे गुणोत्तर ९ वरून ८.५ वर येते, निव्वळ कार्य २२६ वरून २१५ वर आणि कार्यक्षमता ३८.५ टक्क्यांवर. पृष्ठफळ वाढवून परिणामकारकता ९० टक्क्यांवर नेणे शक्य असते, पण तेव्हा यंत्राचा आकार वाढतो आणि दाबाचा ऱ्हासही आवरावा लागतो.

रिजनरेटर बिघडत आहे का, हे त्याच्या तीन तापमानांवरून तपासता येते. हवेत झालेली तापमानवाढ, भागिले आत येणारा वायू आणि आत येणारी हवा यांच्यातील फरक, ही परिणामकारकता. ती हळूहळू घसरत असेल आणि टर्बाइनमागचा दाब वाढत असेल, तर वायूच्या बाजूला काजळी साचत आहे असे समजावे. निष्कासित दाब पूर्वीसारखाच असून शक्ती कमी झाली असेल, तर गळतीचा संशय घ्यावा. उच्च दाबाची हवा फटीतून थेट निष्कासित वायूत जाते. तिला दाबण्याचे कार्य झालेले असते, पण ती टर्बाइनपर्यंत पोचतच नाही. वारंवार चालू-बंद होणाऱ्या यंत्रात उष्णतेच्या ताणाने जोड तडकून असे होते.

इंटरकूलरची अडचण निराळी आहे. दमट हवा दाबून थंड केली की तिच्यातली वाफ द्रवरूप होते आणि थेंब दुसऱ्या टप्प्याच्या पात्यांवर आदळून ती झिजतात. म्हणून इंटरकूलरनंतर पाणी वेगळे करणारा टप्पा लागतो. थंड करणारे पाणीच कोमट असेल, तर हवा ३०० केल्विनपर्यंत उतरत नाही. दुसऱ्या टप्प्यात ती ३२० केल्विनला शिरली, तर त्या टप्प्याचे कार्य सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि ही सगळी वाढ निव्वळ कार्यातून वजा होते.