सबवूफरचा डिले आणि फेज

खालचे स्वर सबवूफरकडे आणि वरचे मुख्य स्पीकरकडे ज्या वारंवारतेला वाटले जातात तो क्रॉसओव्हर, आणि त्याच्या आसपासचे स्वर दोघे मिळून वाजवतात. दोघांच्या ध्वनिलहरी ऐकणाऱ्याच्या जागी एकमेकींशी जुळून पोहोचाव्यात, यासाठी सबवूफरवर किंवा रिसीव्हरमध्ये डिले, म्हणजे आवाज उशिरा सोडणे, आणि फेज, म्हणजे लहर तिच्या आवर्तनात कुठवर आली आहे ते अंशांत, अशी दोन नियंत्रणे असतात. घरगुती संचात क्रॉसओव्हर बहुधा ८० हर्ट्झला ठेवतात. पण त्या आकड्याला एक थांबतो आणि दुसरा सुरू होतो, असे होत नाही. स्वर वाटणाऱ्या फिल्टरचा उतार दर सप्तकाला २४ डेसिबल असला, तरी साधारण ५५ ते ११५ हर्ट्झच्या पट्ट्यात दोघांचाही वाटा राहतो.

या पट्ट्यात दोन लहरी सारख्याच जोराच्या आणि एका फेजमध्ये असतील, तर बेरीज एकट्या लहरीपेक्षा ६ डेसिबलने वाढते. फेजमधला फरक १२० अंशांवर गेला की काहीच वाढ मिळत नाही आणि १८० अंशांवर दोन्ही लहरी एकमेकींना खोडून काढतात. अशा वेळी सबवूफर जोरात वाजत असूनही तबल्याचा बायाँ किंवा बास गिटार पोकळ वाटते. आवाज वाढवून हा खड्डा भरत नाही, फक्त त्याखालचे स्वर घुमू लागतात.

सबवूफरवरचे ०/१८० चे बटण लहर उलटी करते, म्हणजे सगळ्याच वारंवारतांवर १८० अंशांचा फरक पाडते. फिरवायची फेजची कळ बहुतेक ॲनालॉग सबवूफरमध्ये ऑल-पास फिल्टर, म्हणजे आवाजाचा जोर न बदलता फक्त फेज बदलणारा फिल्टर, चालवते. तिने होणारा बदल वारंवारतेनुसार वेगळा असतो, त्यामुळे तिच्यावर छापलेले अंश सगळीकडे खरे नसतात. डिले मात्र वेळ सरकवतो. १ मिलिसेकंद म्हणजे ८० हर्ट्झला सुमारे २९ अंश, तर ४० हर्ट्झला त्याच्या निम्मे. दोघांतला फरक वेळेचा असेल, तर खरा इलाज डिलेच आहे.

समजा, मुख्य स्पीकर श्रोत्यापासून ३ मीटरवर आहेत आणि कोपऱ्यातला सबवूफर ४.४ मीटरवर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून सबवूफर ४.१ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. त्याच्या आतल्या डिजिटल प्रक्रियेचे आणखी ३ मिलिसेकंद धरले, तर एकूण उशीर ७.१ मिलिसेकंद होतो. ८० हर्ट्झचे एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचे असते, तेव्हा हा फरक २०४ अंशांचा झाला, जवळजवळ पूर्ण विरोधात. बटण १८० वर नेले की ८० हर्ट्झला २४ अंश उरतात आणि बेरीज उत्तम होते. पण १०० हर्ट्झला तब्बल ७६ अंश उरतात, म्हणजे पट्ट्याच्या वरच्या भागात जुळणी सुटतेच.

येथे सबवूफरला डिले देऊन उपयोग नाही. तो आधीच मागे आहे. थांबवायचे मुख्य स्पीकरना. रिसीव्हर सर्वांत लांबच्या स्पीकरला शून्य डिले देतो आणि बाकीच्यांना त्याच्यासाठी थांबवतो. म्हणून सबवूफरचे अंतर ४.४ ऐवजी सुमारे ५.४ मीटर भरायचे. स्वयंचलित मोजणीने फितीपेक्षा जास्त अंतर दाखवले, की लोक ते चूक समजून दुरुस्त करतात. ते तसेच ठेवावे, कारण त्यात सबवूफरच्या आतला उशीरही धरलेला असतो.

फितीने मोजून काढलेला आकडा ही फक्त सुरुवात. फिल्टर आणि स्पीकरचा स्वतःचा खालचा उतार, म्हणजे खालच्या स्वरांना त्याचा आवाज पडत जाणे, दोन्ही फेज फिरवतात. पोर्ट, म्हणजे हवेसाठी भोक, असलेल्या पेटीत हे बंद पेटीपेक्षा जास्त होते. म्हणून शेवटची जुळणी श्रोत्याच्या जागी माइक ठेवून करावी. आधी सबवूफर आणि स्पीकर ८० हर्ट्झला एकसारख्या जोरावर आणावेत, मग सबवूफर उलटा करून डिले बदलत जावा आणि आवाज सर्वांत जास्त कुठे पडतो ते शोधावे. तो सापडल्यावर सबवूफर पुन्हा सुलटा करायचा. कमाल बेरीज शोधण्यापेक्षा ही रीत चांगली, कारण कमाल पसरट असते आणि खड्डा टोकदार.

एकाच ८० हर्ट्झच्या स्वरावर मात्र विसंबू नये. पूर्ण १२.५ मिलिसेकंद चुकले तरी तो स्वर तितकाच छान जुळतो, पण ६० आणि १०० हर्ट्झला ९० अंशांचा फरक पडलेला असतो. संपूर्ण पट्ट्याचा आलेख काढला की हे लगेच दिसते.

आलेखातला प्रत्येक खड्डा या नियंत्रणांनी भरत नाही. सबवूफर एकटा, स्पीकर एकटे आणि मग दोन्ही एकत्र, असे तीन वेळा मोजावे. खड्डा फक्त एकत्र मोजणीत असेल तर दोष जुळणीचा. एकट्याच्या मोजणीतही तो तिथेच असेल, तर भिंतींवरून परतलेला आवाज त्याला कारण असतो आणि सबवूफरची किंवा बसण्याची जागाच बदलावी लागते. जुळणीही मुळात एकाच आसनासाठी होते: शेजारच्या खुर्चीपासून दोघांची अंतरे वेगळी असतात. तिथे अर्ध्या मीटरचा फरक पडला, तर ८० हर्ट्झला सुमारे ४२ अंशांची तूट येते. बेरजेत ती अर्धा-पाऊण डेसिबलपेक्षा जास्त जाणवत नाही.