म्युऑनचे वय न विचारता त्याचे आयुर्मान मोजायचे कसे?

अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरातील अणूंवर आदळतात आणि त्यातून साधारण १५ किलोमीटर उंचीवर म्युऑन तयार होतात. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा सुमारे २०७ पट जड भाऊबंद. तो फार टिकत नाही. स्थिर म्युऑनचे सरासरी आयुर्मान २.१९७ मायक्रोसेकंद आहे, आणि हा आकडा कॉलेजच्या प्रयोगशाळेतही मोजता येतो. सिंटिलेटर नावाच्या, कण गेला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकचा एक ठोकळा घ्यायचा आणि त्याला प्रकाश टिपणारी फोटोमल्टिप्लायर नळी जोडायची. म्युऑन ठोकळ्यात येऊन थांबला की पहिली चमक. त्याचा क्षय होऊन इलेक्ट्रॉन बाहेर पडला की दुसरी. दोन चमकांमधला वेळ नोंदवायचा, असे हजारो वेळ जमवायचे आणि सरासरी काढायची.

इथे कोणालाही शंका येईल. घड्याळ तर म्युऑन थांबल्यावर सुरू झाले. तो वरून खाली येईपर्यंत काही आयुष्य जगून चुकला आहे, प्रत्येकाचे जगलेले आयुष्य वेगळे आहे आणि आपल्याला त्यातले एकही माहीत नाही. मग या नोंदींतून पूर्ण आयुर्मान कसे निघेल? निघते, आणि का निघते ते दोन छोट्या संकलनांत दडले आहे.

म्युऑनचा क्षय होण्याची शक्यता दर क्षणाला सारखीच असते. हा दर λ मानला, तर आयुष्याचे वितरण घातांकी येते: f(t) = λe^(−λt). सरासरी काढायची म्हणजे प्रत्येक t ला त्याच्या शक्यतेने गुणून सगळ्याची बेरीज करायची. हे संकलन बारावीच्या खंडशः संकलनाने सुटते. u = t घ्यायचे आणि dv = λe^(−λt) dt. मग du = dt आणि v = −e^(−λt). विद्यार्थ्यांचे गणित बहुतेक वेळा या v च्या ऋण चिन्हापाशीच फसते. निवड उलटी केली, म्हणजे t चे संकलन करायला घेतले, तर t²/2 येतो आणि गणित सुटण्याऐवजी वाढत जाते.

```
∫₀^∞ t·λe^(−λt) dt = [−t·e^(−λt)]₀^∞ + ∫₀^∞ e^(−λt) dt
                   = 0 + 1/λ
```

कंसातले पद शून्य का, हे नीट पाहायला हवे, कारण पुढे सगळी मेख तिथेच आहे. खालच्या टोकाला t = 0 म्हणून ते शून्य. वरच्या टोकाला t वाढत जातो, पण e^(−λt) त्याहून कितीतरी वेगाने घटतो. सरासरी २.२ मायक्रोसेकंद धरली, तर t·e^(−λt) ची किंमत १० मायक्रोसेकंदांना ०.१०६ असते, २२ ला ०.००१, आणि ४४ ला एका कोटीतल्या एका भागाहूनही कमी. म्हणून अनंतापर्यंत जाणाऱ्या संकलनात या पदाचा विचार सोडता येतो.

उरलेले संकलनही अर्थपूर्ण आहे. म्युऑन s वेळेनंतरही शिल्लक असण्याची शक्यता म्हणजे वितरणाच्या शेपटीचे क्षेत्रफळ:

```
∫ₛ^∞ λe^(−λt) dt = e^(−λs)
```

म्हणजे खंडशः संकलनानंतर जे उरले ते शिल्लक राहण्याच्या शक्यतेच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ. सरासरी आयुर्मान म्हणजे तेच. १००० म्युऑन घेतले तर २.२ मायक्रोसेकंदांनी सुमारे ३६८ उरतात. निम्मे उरण्याची वेळ, म्हणजे अर्धायुष्य, त्याआधीच १.५२ मायक्रोसेकंदांना येऊन गेलेली असते. या दोन आकड्यांची गल्लत फार होते.

आता शंकेकडे वळू. एखादा म्युऑन s इतका जगला आहे हे गृहीत धरून तो आणखी t जगण्याची शक्यता किती? s + t पलीकडच्या शेपटीला s पलीकडच्या शेपटीने भागायचे:

```
e^(−λ(s+t)) / e^(−λs) = e^(−λt)
```

s उडून गेला. ३६८ म्युऑनचे पुढच्या २.२ मायक्रोसेकंदांनी १३५ होतात, १३५ चे ५०. दर वेळी तेच प्रमाण. म्युऑन झिजत नाही, थकत नाही. आत्ता जो अखंड आहे तो नुकत्याच जन्मलेल्या म्युऑनसारखाच आहे. यालाच वितरणाची स्मृतिहीनता म्हणतात. घड्याळ कधी सुरू केले याने फरक पडत नाही, म्हणून सिंटिलेटरमधली पहिली चमक हाच जन्म मानला तरी उत्तर बरोबर येते. याचा आणखी एक फायदा असा, की पहिल्या चमकेनंतर नळीत खोटे स्पंद उमटतात, म्हणून सुरुवातीचा १ मायक्रोसेकंद टाकून द्यावा लागला तरी काही बिघडत नाही. उरलेल्या प्रत्येक नोंदीतून १ वजा केला की तेच वितरण हाती येते.

मात्र दुसऱ्या टोकाला ही सूट नाही. उपकरण दुसऱ्या चमकेची वाट अनंत काळ पाहू शकत नाही. समजा ते १० मायक्रोसेकंद थांबते. मग संकलन १० लाच संपते आणि कंसातले ते पद शून्य होत नाही. मर्यादा T आणि खरे आयुर्मान τ असेल, तर नोंदींची सरासरी अशी येते:

```
m = τ − T·e^(−T/τ) / (1 − e^(−T/τ))
```

τ = २.२ आणि T = १० घातल्यास m = २.०९३. जवळपास पाच टक्क्यांची घट, आणि ती नोंदी वाढवून जात नाही, कारण चूक नमुन्याच्या आकाराची नाही, सीमेच्या पदाची आहे. दुरुस्ती सोपी आहे. हातात आलेली सरासरीच आधी τ समजून उजवीकडचा अपूर्णांक काढायचा, तो सरासरीत मिळवायचा आणि नव्या τ ने पुन्हा तेच करायचे. २.०९३ वरून आकडे २.१७८, २.१९५, २.१९९ असे सरकत २.२ ला पोचतात.

उलट्या दिशेने ओढणारी चूकही असते. दोन वेगवेगळे कण योगायोगाने एकामागोमाग ठोकळ्यातून गेले, तरी उपकरण त्याला म्युऑनचा क्षय समजते. अशा नोंदी ० ते १० मध्ये सारख्या पसरतात आणि त्यांची सरासरी ५ असते. शंभरातल्या पाचच नोंदी अशा असल्या तरी २.०९३ चे २.२३८ होतात. गंमत अशी, की दोन्ही चुका एकत्र आल्या तर एकमेकींना बऱ्यापैकी झाकतात आणि दुरुस्ती न करताही उत्तर बरे दिसते. त्यावर विसंबू नये.

हे पकडायला स्मृतिहीनताच कामी येते. आधी सगळ्या नोंदींवरून τ काढा. मग ४ मायक्रोसेकंदांच्या आतल्या नोंदी टाका, उरलेल्यांतून ४ वजा करा, T ६ धरा आणि τ पुन्हा काढा. सांख्यिकी चुकीच्या मर्यादेत दोन्ही उत्तरे जुळली पाहिजेत. दुसरे उत्तर स्पष्ट वाढलेले दिसले, तर योगायोगाच्या नोंदी आत शिरल्या आहेत. नोंदींच्या आलेखाची शेपटी घटत जाण्याऐवजी आडवी झालेलीही दिसेल, आणि त्या आडव्या पातळीइतक्या नोंदी प्रत्येक खणातून वजा करूनच पुढे जायचे.

योगायोग काढून टाकल्यावरही प्लॅस्टिकमधले उत्तर २.१९७ च्या थोडे खाली, सुमारे २.१२ ला, येते. खाली पोचणाऱ्या म्युऑनमध्ये धन आणि ऋण दोन्ही असतात, त्यात धन थोडे जास्त. धन म्युऑन स्वतःच्या आयुर्मानाने क्षय पावतो. ऋण म्युऑनला प्लॅस्टिकमधल्या कार्बनचे अणुकेंद्रक खेचून घेते आणि गिळूही शकते, त्यामुळे कार्बनमध्ये त्याचे सरासरी आयुर्मान २.०३ मायक्रोसेकंदांवर येते. शिशात तर ते ०.०७५ च्या आसपास असते. दोन वेगळ्या दरांच्या अशा मिश्रणाचे वितरण एकच घातांकी राहत नाही, आणि त्यात s उडूनही जात नाही. जितका जास्त वेळ म्युऑन टिकला, तितका तो धन असण्याचा संभव वाढतो, म्हणजे इथे वय काहीतरी सांगते. कार्बनमध्ये हा फरक इतका लहान आहे की काही हजार नोंदींच्या आलेखात तो डोळ्यांना दिसत नाही. शिशाच्या पत्र्यात म्युऑन थांबवले, तर आलेखाचा सुरुवातीचा भाग उभा कोसळतो आणि त्यानंतर उरते ती बहुतांशी धन म्युऑनची, २.१९७ ची, शेपटी.