पत्रिकेचे प्रूफ: खिळ्यांच्या पेटीपासून कर्व्हपर्यंत

लग्नपत्रिका छापायला देण्यापूर्वी नावे, तारखा आणि शुद्धलेखन तपासण्याची जी यादी छापखान्यात तोंडपाठ असते, ती कुणी एका बैठकीत लिहिलेली नाही. त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ एकेका काळातल्या चुकीतून आली आहे. काळ बदलला, यंत्र बदलले, चुकीची जागा सरकली. ओळ मात्र यादीत राहिली.

खिळ्यांच्या काळात जुळारी पेटीतून एकेक अक्षर उचलून ओळ बांधायचा. मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे धातूचे बारीक अवयव. मजकूर अचूक जुळवलेला असला तरी पाचशे पत्रिका छापून होईपर्यंत एखादी मात्रा दाबाखाली मोडायची. म्हणून पहिली प्रत तपासून भागत नसे. मशीन चालू असताना मध्येच एखादी प्रत उचलून पाहावी लागे. त्या पद्धतीत एक सोय होती. चूक सापडली की मशीन थांबवायचे, चिमट्याने खिळा काढायचा, दुसरा बसवायचा. ऑफसेटमध्ये ही सोय गेली. प्लेट तयार झाल्यावर अक्षर बदलायचे तर प्लेटच नवी करावी लागते, आणि तिथून सगळा भार छपाईपूर्वीच्या प्रुफावर आला.

शुद्धलेखनाची ओळ थोडी वेगळी. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले आणि ‘नांव’, ‘कांही’ यांच्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पत्रिकेचा साचा मात्र घराघरात जपून ठेवलेल्या जुन्या पत्रिकेवरून उचलला जातो, त्यामुळे जुनी रूपे अजून डोकावतात. उलटा अपघातही होतो. अनुस्वार झाडताना कुणीतरी ‘चि. सौ. कां.’मधला अनुस्वारही काढतो. तो मात्र उच्चाराचा आहे, कारण मूळ शब्द ‘सौभाग्यकांक्षिणी’. ‘उपस्थित रहावे’ हेही जुन्या पत्रिकांचे देणे; नियमाप्रमाणे ‘राहावे’. आडनावांना यातला कोणताच नियम लावायचा नाही. घरचे जसे लिहितात तसेच छापायचे, आणि ते त्यांच्या हातून लिहून घ्यायचे. फोनवर ऐकून नाव उतरवणाऱ्याशी मी तरी कधी वाद घालत नाही, त्याच्याकडे कागद आणि पेन सरकवतो.

सगळ्यात खोल खड्डा संगणक आल्यावर पडला. सुरुवातीच्या देवनागरी फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. डोळ्यांना ‘कि’ दिसे, पण साठवणीत आधी वेलांटी आणि मग ‘क’ असे. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: आधी ‘क’, मग वेलांटी. रफाराचेही तसेच. जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षराच्या नंतर टंकला जाई. युनिकोडमध्ये तो अक्षराच्या आधीचा ‘र्’ असतो. आज यजमान मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये पाठवतात आणि अनेक ठिकाणी पत्रिकेची मांडणी अजून जुन्या फॉन्टमध्ये होते, म्हणून मध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम येतो. पाहुण्यांची जुनी यादी उलट्या दिशेने आणली तरी तोच पूल ओलांडावा लागतो. रूपांतर कच्चे असले की ‘कीर्ती’चे ‘कीतीर्’ होते आणि ‘मूर्ती’चे ‘मूतीर्’. रफार एक घर मागे न्यायचा राहून जातो, दुसरे काही नाही.

ही चूक निदान डोळ्यांत खुपते. फसवी चूक अर्ध्या ‘र’ची. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’ यांतला आडवा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे वेगळे अक्षर असते; दुसऱ्यात साध्या ‘र्’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. रूपांतरात ते अदृश्य चिन्ह गळले की आडनाव ‘गोर्हे’ होते आणि अनोळखी वाचकाला त्यात काही चुकले आहे असे वाटतही नाही. ‘ॲड.’मधला ‘ॲ’ही तसाच हळवा. स्वतंत्र अक्षर म्हणून तो युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन उमटू शकतो. म्हणून पत्रिकेत ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’, रफार आणि जोडाक्षरावरची पहिली वेलांटी या जागा आधी वेगळ्या शोधायच्या, मग सलग वाचन.

आता तारीख. मुंबईत गणपत कृष्णाजींनी एकोणिसाव्या शतकात छापील मराठी पंचांग काढले. पुढे तिथी आणि शके पाहायला छापील पान घरोघरी आले. पण पत्रिकेत पंचांगाचा दिवस आणि इंग्रजी दिनांक एका ओळीत बसतात, आणि दोन्हींची घड्याळे वेगळी आहेत. समजा, गेल्या वर्षीची फाइल उघडून नवी पत्रिका केली. जुन्या फाइलमध्ये होते: ‘शुक्रवार, दि. १० मे २०२४, वैशाख शुद्ध ३, शके १९४६’. नवे लग्नही अक्षय्य तृतीयेचेच, ३० एप्रिल २०२५. ऑपरेटरने दिनांक बदलला. तिथी तीच असल्यामुळे ती बरोबर राहिली आणि तिच्याकडे पाहून बाकी ओळही बरोबर वाटली. शुक्रवार आणि १९४६ तसेच राहिले. खरे तर बुधवार आणि १९४७ हवे होते.

ही चूक पकडायची रीत अशी: वार, दिनांक, तिथी आणि शके हे चार तुकडे एकमेकांवरून न तपासता प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे पंचांगात पाहायचा. शके काढायला इसवी सनातून ७८ वजा करतात, पण ते गुढीपाडव्यानंतर. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ वजा करायचे. जानेवारी २०२६मधल्या लग्नाला शके १९४७ येते, १९४८ नव्हे. हिवाळी लग्नांच्या पत्रिकांत हा घोळ नेहमीचा. मध्यरात्रीनंतरचा मुहूर्त असेल तर आणखी सांभाळायचे. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी दिनांक रात्री बाराला. बुधवारी रात्री १२.३५ची वेळ असेल तर दिनांक गुरुवारचा, आणि पाहुणे एक दिवस उशिरा येऊ शकतात. अशा वेळी ‘बुधवारी रात्री’ असे शब्दांत छापून घ्यावे. पत्रिका उत्तरेकडच्या पाहुण्यांसाठी हिंदीतही असेल तर वद्य पक्षातला महिना वेगळा येतो. आपला श्रावण वद्य तिकडे भाद्रपद कृष्ण असतो. तिथी बदलत नाही, महिन्याचे नाव बदलते.

निमंत्रकांच्या यादीत ‘कै.’ वेगळे तपासायचे. एक नाव मध्ये घातले की खालच्या ओळी सरकतात आणि ही दोन अक्षरे हयात माणसाच्या नावापुढे जाऊन बसू शकतात.

शेवटची पायरी कर्व्हची. फॉन्ट दुसऱ्या संगणकावर बदलू नये म्हणून अक्षरांचे आकारात रूपांतर करतात. त्यानंतर तो मजकूर राहत नाही, नुसत्या रेषा उरतात. शोध चालत नाही, दुरुस्तीही टंकून होत नाही. म्हणून सही कर्व्हनंतरच्या छापील प्रतीवर घ्यायची. एकाने यजमानांचा हस्तलिखित कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवायचे. नावे एकदा शेवटून सुरुवातीकडे वाचायची, म्हणजे नजर सवयीने पुढे धावत नाही.