रात्रीची पाळी : कथेमागची पार्श्वभूमी

कथेतला शेतकरी नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडचा आहे. दोन एकर ज्वारीसाठी त्याची पाळी रात्री अकराला लागते. मुलगा शेतात दारं धरतो आणि बाप खोरं-बॅटरी घेऊन पोटचारीच्या वरच्या अंगाला जाऊन बसतो. पाणी आपल्या हक्काचं असताना ते राखायला माणूस का लागतो, हे त्या कालव्याचा इतिहास पाहिल्याशिवाय समजत नाही.

1876-78 च्या दुष्काळानंतर हा कालवा झाला आणि 1885 मध्ये तो वाहू लागला. हेतू बाजरी-ज्वारी वाचवण्याचा होता. पण पाऊस बरा झाला की ज्वारीवाला पाण्यासाठी पैसे भरत नसे, त्यामुळे कालव्याचा खर्च निघेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही वर्षांच्या कराराने ठरावीक क्षेत्राला पाणी द्यायची ब्लॉक पद्धत आली. तिच्यामुळे ऊस पक्का झाला आणि पुढे साखर कारखाने आले. दुष्काळासाठी खोदलेल्या पाटावर बारमाही पीक बसलं. शेपटाकडच्या आजच्या तुटीचं मूळ मला तिथेच दिसतं.

रात्रीच्या भांडणाचं कारण मात्र शेजपाळीत आहे. हंगामाआधी शेतकरी पाणी अर्ज भरतो, क्षेत्र मंजूर होतं आणि आवर्तनात कोणाचा नंबर कधी याची यादी लागते. यादीचा क्रम शेपटाकडून मुखाकडे असतो, म्हणजे टेलवाल्याला पहिलं पाणी. नियम न्यायाचा आहे. पण त्यामुळे टेलचं भिजेपर्यंत मुखाकडच्या माणसाच्या सुकत्या पिकासमोरून पाणी वाहत राहतं आणि त्याने ते नुसतं बघायचं असतं.

शिवाय पंजाब-हरियाणाच्या वारबंदीत पाळी घड्याळावर ठरलेली असते. आपल्या शेजपाळीत मंजुरी क्षेत्राला असते. रान भिजेपर्यंत पाणी तुमचं. किती लिटर, किती तास, याची नोंद हक्कात नाही.

कथेतली रात्र आकड्यांत मांडली तर अडचण कळते. एक एकर रान आठ सेंटिमीटर भिजवायला साधारण सव्वातीन लाख लिटर पाणी लागतं. बांधावरच्या दारात सेकंदाला 30 लिटर येत असेल तर एकराला तीन तास, म्हणजे अकराला धरलेले दोन एकर पहाटे पाचला भिजतात. वर कुणी चारी फोडून 10 लिटर वळवले तर त्याच कामाला नऊ तास लागतात. पाचला ज्याचा नंबर, तो आठपर्यंत खोरं घेऊन उभा राहतो. त्याला वरचा चोर दिसत नाही, दिसतो तो पाणी न सोडणारा शेजारी. कथेतली बाचाबाची म्हणूनच चोरात आणि ज्याचं पाणी गेलं त्याच्यात होत नाही, ज्यांचं पाणी गेलं त्या दोघांतच होते.

चोरी ओळखायची खूण एकच. दाराशी रोवलेल्या काडीवरची ओल पाण्याच्या वर उघडी पडते. पण ती दिसेपर्यंत वरचं पाणी बराच वेळ वळलेलं असतं, आणि फोडलेली जागा बुजवली तरी पूर्ण पाणी खाली यायला वेळ लागतो. म्हणून एकाने दाराशी आणि एकाने वर बसायचं. घरात दुसरा पुरुष नसेल तर बाई चारीवर जाते किंवा पाळी फुकट जाते. कालवा रात्री बंद करता येत नाही, म्हणून अर्ध्या पाळ्या अंधारातच येणार.

कायदा पहिल्यापासून आहे. 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्यातच सोय होती की चोर सापडला नाही तर ज्याच्या रानात पाणी गेलं त्याला जबाबदार धरावं. 1976 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने हीच चौकट पुढे नेली. पण पंचनाम्याला साक्षीदार लागतो, आणि उद्या ज्याच्या बांधावरून बैल न्यायचे त्याच्याविरुद्ध कोण सही करणार?

त्याहून जुनी तऱ्हा धुळे-नाशिककडच्या फडांत, म्हणजे एका बंधाऱ्यावर सामाईक भिजणाऱ्या शेतांत होती. तिथे पांझरा-मोसम नद्यांच्या बंधाऱ्यांवर शेतकरी स्वतः दारं धरायचाच नाही. बारेकरी सगळ्यांचं रान भिजवी, पाटकरी पाट सांभाळी, जागल्या राखण करी आणि त्यांना धान्यात मोबदला मिळे. पाळी राखणं हे एकेका घराचं काम नव्हतं.

2005 च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना घनमापावर पाणी द्यायचं ठरवलं. संस्थेच्या दारापाशी माप बसतं, पण आत वाटणी पुन्हा संस्थेनेच करायची. कथेतल्या गावात संस्था कागदावर आहे. आत पाळी तासांवर लावली असती, तर वर फुटलेल्या पाण्याचा तोटा बापलेकांनाच सोसावा लागला असता आणि पाचला शेजाऱ्याशी भांडण झालं नसतं. क्षेत्रावर ठेवली, म्हणून तोटा शेजाऱ्याकडे सरकला. संस्थेने पगारी पाटकरी नेमून वरच्या भागात रात्रीची फेरी लावली, तरच तो दोघांचाही टळतो. त्या पगाराची वर्गणी कोणी किती द्यायची, यावर गावाच्या तीन बैठका मोडल्या आहेत.