फोटोडायोड लावला की ऑप-अँप का थरथरतो: दीड पिकोफॅरडमागची गोष्ट

फोटोडायोडचा करंट मोजायचा सगळ्यात साधा मार्ग म्हणजे त्याला एक रेझिस्टर लावायचा आणि त्यावरचं व्होल्टेज बघायचं. बीपीडब्ल्यू३४ सारखा डायोड घ्या, बायस नसताना त्याचा स्वतःचा कपॅसिटन्स साधारण ७० पिकोफॅरड असतो, आणि करंट नॅनोअँपिअरमध्ये आहे म्हणून रेझिस्टर घेतला १ मेगाओहमचा. झालं, दोघांचा मिळून लो-पास फिल्टर तयार होतो आणि सव्वादोन किलोहर्ट्झच्या पुढे सिग्नल पडायला लागतो. रेझिस्टर कमी केला तर स्पीड वाढतो पण सिग्नल बारीक होतो, म्हणजे एक धरलं की दुसरं सुटतं.

यावरचा उपाय ट्रान्सइम्पिडन्स अँप्लिफायर. डायोड ऑप-अँपच्या इन्व्हर्टिंग इनपुटला जोडायचा आणि तोच १ मेगाओहम आउटपुटपासून इनपुटकडे फीडबॅकमध्ये टाकायचा. ऑप-अँप इनपुट जवळजवळ शून्य व्होल्टवर धरून ठेवतो, डायोडवरचं व्होल्टेज हलतच नाही, म्हणून त्याचा कपॅसिटर चार्ज करायला वेळ जात नाही. इथे बहुतेकांना वाटतं की तो आरसी गेला. गेला नाही. तो फक्त फीडबॅकच्या वाटेत जाऊन बसला, आणि तिथे तो जास्त त्रास देतो.

का त्रास देतो हे कळायला थोडं मागे जावं लागतं. हॅरॉल्ड ब्लॅक हे बेल लॅब्जमध्ये टेलिफोनच्या लांब लाइनसाठी अँप्लिफायर बनवत होते, आणि २ ऑगस्ट १९२७ ला फेरीबोटीतून कामावर जाताना त्यांना निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली, ती त्यांनी हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच लिहून काढली. डिस्टॉर्शन कमी झालं, पण नवीन भानगड अशी की असे अँप्लिफायर कधी कधी आपणहून वाजायला लागायचे, तिथले लोक याला अँप्लिफायर गातोय असं म्हणायचे. सिग्नल फिरून परत येईपर्यंत त्याला इतका उशीर होतो की निगेटिव्ह फीडबॅक पॉझिटिव्ह होऊन बसतो. हे नेमकं कधी होतं ते १९३२ मध्ये हॅरी नायक्विस्टनी मांडलं, आणि हेंड्रिक बोडींनी १९४० च्या सुमारास त्याला ग्राफवर बघता येईल असं रूप दिलं: लूपचा गेन दर दशकाला २० डेसिबलने पडत असेल तर फेज साधारण ९० अंशांनी मागे असते, ४० डेसिबलने पडत असेल तर १८० च्या जवळ, आणि गेन १ होतो त्या ठिकाणी उतार ४० चा असला तर सर्किट गाण्याच्या बेतात आहे.

ऑप-अँप चिपवर आले तेव्हाही हे सगळं डिझाइनरच्या हातात होतं. १९६५ चा ७०९ वापरायचा म्हणजे बाहेरून दोन कपॅसिटर आणि एक रेझिस्टर लावून तो शांत करावा लागायचा. मग १९६८ मध्ये ७४१ आला, त्यात ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या आतच होता, आणि साध्या रेझिस्टरचा फीडबॅक असेल तर काही न करता तो स्थिर राहायचा. माझ्या मते गैरसमजाचं मूळ इथेच आहे. आतल्या कपॅसिटरने स्थिरता कशी आणली, तर ९० अंशांचा उशीर आधीच खर्च करून. उरलेले ९० अंश आपल्यासाठी शिल्लक, असा तो हिशोब आहे, आणि फोटोडायोडचा कपॅसिटन्स फीडबॅक रेझिस्टरसोबत मिळून नेमके तेच ९० अंश खाऊन टाकतो.

आकड्यांत बघू. डायोडचे ७० आणि ऑप-अँपच्या इनपुटचे व ट्रॅकचे मिळून १०, म्हणजे इनपुटला ८० पिकोफॅरड. फीडबॅक १ मेगाओहम, आणि ऑप-अँपचा गेन-बँडविड्थ प्रॉडक्ट १० मेगाहर्ट्झ.

```
fz  = 1/(2*pi*Rf*Cin)         = 2 kHz
fi  = sqrt(fz*GBW)            = 141 kHz
Cf1 = 1/(2*pi*Rf*fi)          = 1.13 pF
Cf2 = 1.41*Cf1                = 1.6 pF
```

म्हणजे २ किलोहर्ट्झपासून फीडबॅक मागे पडायला लागतो, आणि लूप गेन १ होतो १४१ किलोहर्ट्झला. तिथपर्यंत पोचेस्तोवर त्या आरसीने ८९ अंशांहून जास्त उशीर केलेला असतो, फेज मार्जिन उरतं जेमतेम १ अंश. प्रत्यक्षात रेझिस्टरच्या स्वतःच्या शून्य पॉइंट एक-दोन पिकोफॅरडमुळे थोडी मदत मिळते, म्हणून कधी कधी सर्किट पूर्ण ऑसिलेट न होता नुसतंच खूप वेळ रिंग होत राहतं. फसवं असं की मीटरवर डीसी रीडिंग बरोबर दिसू शकतं. माझ्याकडे एकदा असंच झालं होतं, रीडिंग ठीक पण नॉइज जास्त, मी दोन दिवस सप्लाय आणि शील्डिंगच्या मागे लागलो आणि स्कोप नीट लावल्यावर आउटपुटवर शंभरेक किलोहर्ट्झची सरळ साइन वेव्ह उभी!

उपाय म्हणजे फीडबॅक रेझिस्टरला समांतर एक छोटा कपॅसिटर, वरच्या हिशोबातले Cf1 आणि Cf2 हे त्याचेच दोन आकडे. वरच्या फ्रिक्वेन्सीला तो आउटपुटचा सिग्नल उशीर न करता इनपुटला पोचवतो आणि गेलेली फेज परत आणतो. Cf1 ही निम्न मर्यादा समजा, तिथे एलईडीने प्रकाशाची स्क्वेअर वेव्ह टाकली तर आउटपुट १६ टक्क्यांनी वर उडी मारून मग खाली येतं. Cf2 ला ती उडी ४ टक्क्यांवर येते आणि बँडविड्थ १४० किलोहर्ट्झच्या आसपास मिळते, म्हणजे नुसत्या रेझिस्टरपेक्षा साठ पट. मी स्वतः इथे २.२ पिकोफॅरड लावेन, उडी जवळजवळ जाते आणि तरी ९० किलोहर्ट्झच्या वर मिळतात. पण घाबरून १० पिकोफॅरड टाकले तर सगळं शांत होतं खरं, बँडविड्थ मात्र १६ किलोहर्ट्झवर येते, आणि मग लोक विनाकारण महागडा फास्ट ऑप-अँप शोधायला लागतात.

लागणारा कपॅसिटर इनपुट कपॅसिटन्सच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. डायोड एक मीटर कोअॅक्स केबलवर लांब नेला तर साधारण १०० पिकोफॅरड वाढतात, ८० चे १८० होतात, आणि १.६ च्या जागी २.४ लागतात. फार नाही वाटत, पण बेंचवर डायोड सोल्डर करून १.६ वर जुळवलेलं सर्किट केबल जोडल्यावर परत जास्त उडी मारायला लागतं ते यामुळेच. शिवाय १४१ किलोहर्ट्झचा आकडा ९४ वर येतो, तो कुठलाही फीडबॅक कपॅसिटर परत आणून देत नाही.

आणि स्थिर झालं तरी नॉइज राहतोच. वरच्या फ्रिक्वेन्सीला ऑप-अँपचा स्वतःचा व्होल्टेज नॉइज 1+Cin/Cf या पटीत आउटपुटला येऊ बघतो, आपल्या उदाहरणात ८० भागिले १.६ अधिक १, म्हणजे ५१ पट, तेही सिग्नलची बँडविड्थ संपल्यावरही, ऑप-अँपचा गेन संपेपर्यंत. म्हणून पुढे एक साधा आरसी फिल्टर लावायचा. तपासताना प्रोब आउटपुटलाच लावा, इन्व्हर्टिंग इनपुटला नको, १०एक्स प्रोबचेही दहा-पंधरा पिकोफॅरड असतात आणि मग आपण मोजतो ते वेगळंच सर्किट असतं.