चटका न लागलेली करंगळी

भाकरी तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, कडा सुटल्या की बोटांनीच उलटायची. वीस वर्षं रोज हेच करणाऱ्या एका बाईच्या उजव्या हाताची कड एके दिवशी तव्याच्या काठाला टेकली आणि टेकलेलीच राहिली. तिला ते कळलं भांडी घासताना. करंगळीच्या बाजूला टरारून फोड आला होता. "कधी लागलं ते समजलंच नाही जी," ती म्हणाली. फोडाला मलम लावून झालं होतं. ती आली होती ते दुसऱ्याच तक्रारीसाठी: सुईत दोरा ओवता येत नव्हता आणि भाकरी थापताना करंगळी मध्येच वाकत होती.

ही एकाच बाईची गोष्ट नाही. मी कुष्ठरोगाच्या रुग्णांच्या हातांची तपासणी करते, आणि विदर्भातल्या अशा अनेकींच्या हकिकती इथे एकत्र केल्या आहेत. पण हकिकतीचा क्रम बहुतेक वेळा असाच असतो. आधी एखादा फिकट चट्टा येतो. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. मग मुंग्या, मग न कळलेला चटका, आणि मग हातातून वस्तू निसटायला लागतात. यातल्या प्रत्येक पायरीमागे बहुतेकदा एकच जागा असते, आणि ती आहे कोपरामागची नस.

ही नस तुम्हाला माहीत आहे. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच. डॉक्टर तिला अल्नर नस म्हणतात. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीतून ती जाते. तिच्यावर स्नायूंचं पांघरूण नाही, फक्त कातडी. म्हणून तिथे ती आपटते, आणि म्हणूनच तिथे ती शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंड असते. गेरहार्ड हान्सन यांनी 1873 मध्ये नॉर्वेत शोधलेल्या कुष्ठरोगाच्या जंतूला हा थंडावा मानवतो. त्याची वाढ 27 ते 33 अंशांच्या आसपास चांगली होते, शरीराच्या आतल्या 37 अंशांत नीट होत नाही. त्यामुळे त्याचा मुक्काम कातडीत, नाकात, कानाच्या पाळीत आणि कातडीलगतच्या नसांमध्ये असतो. घाई त्याला नाहीच. एका जंतूचे दोन व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागतात, त्यामुळे लागण झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत काही वर्षं सहज जातात.

नस म्हणजे हजारो बारीक धाग्यांची जुडी. काही धागे बोटांकडून गरम, थंड, दुखणं, स्पर्श यांची खबर वर नेतात. काही मेंदूचा हुकूम स्नायूंकडे आणतात, तर काही घामाच्या ग्रंथी चालवतात. या धाग्यांना श्वॉन पेशी कवेत घेऊन बसलेल्या असतात. जाड धाग्यांवर त्या विजेच्या तारेवर असतं तसं आवरण चढवतात आणि सगळ्याच धाग्यांची निगा राखतात. कुष्ठरोगाचा जंतू नेमका या श्वॉन पेशींत शिरतो. तो तिथे शिरला की धाग्यांचं पोषण बिघडतं. पण मोठी नासधूस बऱ्याचदा जंतू करत नाही, ती करते आपलीच प्रतिकारशक्ती. तिला नसेत लपलेल्या जंतूंचा सुगावा लागला की ती तिथे हल्ला चढवते आणि नस सुजते. खोबणी हाडाची आणि नसेभोवतीचं वेष्टण घट्ट, त्यामुळे सुजेला पसरायला जागा नसते. मग सूज आतल्या धाग्यांनाच दाबते आणि त्यांचा रक्तपुरवठा आवळते. अशा अचानक भडक्याला रिअॅक्शन म्हणतात.

सगळे धागे एकदम जात नाहीत. साधारणपणे गरम-थंड कळणं आधी कमी होतं, मग हलका स्पर्श आणि दुखणं. दंडातून आणि पुढच्या हातातून येणारी खोल जाणीव मात्र शाबूत राहते. हात कुठे आहे आणि बोटं मिटली की उघडी हे त्या बाईला डोळे मिटूनही सांगता येत होतं. म्हणून तर तिला आपला हात बधिर झालाय असं वाटलं नाही. हात आपलाच वाटत होता, फक्त तव्याची खबर येत नव्हती.

दुखणं आपल्याला शिक्षा वाटतं, पण दिवसभर ते आपल्या नकळत आपली राखण करत असतं. विळ्याची मूठ एका जागी रुतायला लागली की आपण पकड जराशी बदलतो. चप्पल चावायला लागली की पाऊल तिरकं टाकतो. फोड येण्याआधीच हे होऊन गेलेलं असतं. बधिर हात पकड बदलत नाही. त्यातून मूठ किती घट्ट आवळली आहे हे बोटांकडून कळत नाही म्हणून माणूस गरजेपेक्षा जास्त जोर लावतो. तोच जोर त्याच जागी तासन्तास पडला की कातडीखालचं मांस चिरडतं. त्यात घामाचे धागे गेल्यामुळे कातडी कोरडी पडून भेगाळलेली असते. भेगेतून जंतू शिरतात, पू होतो, पण ठणका नसल्यामुळे काम चालूच राहतं. संसर्ग हाडापर्यंत गेला की हाड झिजून बोट आखूड होतं.

"बोटं झडतात" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. या रोगाने बोटं आपोआप झडत नाहीत. 1947 नंतरच्या काळात वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी याचा छडा लावला. बरे झालेल्या तरुणांची बोटं तरीही आखूड का होतात, हे पाहायला त्यांनी प्रत्येक जखमेचं कारण शोधायला लावलं. कुठे गरम भांडं होतं, कुठे हत्यार. काही जखमा मात्र रात्रीत व्हायच्या आणि त्यांचं कारण सापडेना. शेवटी कळलं की झोपेत उंदीर बोटं कुरतडत होते आणि झोपलेल्याला जाग येत नव्हती. मग तिथल्या रुग्णांना मांजरं पाळायला दिली.

आता वाकणाऱ्या करंगळीबद्दल. बोटं मिटणारे मोठे स्नायू पुढच्या हातात असतात, त्यातल्या बहुतेकांना दुसरीच नस चालवते आणि ते बहुधा वाचतात. पण तळव्यातले छोटे स्नायू बोटांचं मूळ वाकवून पुढची पेरं सरळ ठेवतात, आणि भाकरी थापताना, घास उचलताना, सुई धरताना काम त्यांचंच असतं. त्यातले बहुतेक अल्नर नसेवर चालतात. ते ढिले पडले की मोठ्या स्नायूंना आवरायला कुणी उरत नाही. बोटाचं मूळ मागे ताणलं जातं, पुढची पेरं आत वळतात आणि करंगळी-अनामिका आकड्यासारख्या वाकतात. अशा हाताने गडवा धरला तर तळवा टेकतच नाही, सगळा भार बोटांच्या टोकांवर येतो, आणि ती टोकंच बधिर असतात. कमजोरी आणि बधिरपणा या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण त्या एकमेकींची जखम वाढवतात.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. त्या बाईला मी तळहात वर करून करंगळी बाहेरच्या बाजूला न्यायला सांगितली आणि तिच्या मुळाशी बोटाने दाब दिला. डावी टिकली, उजवी लगेच मिटली. मग अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला देऊन तो ओढला, तर उजव्या अंगठ्याचं पुढचं पेर वाकलं. ढिल्या स्नायूचं काम दुसरा स्नायू करू बघतो, त्याची ही खूण. मग डोळे मिटायला सांगून नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला. हा धागा वाकताना 2 ग्रॅमचा दाब देतो. करंगळीच्या बाजूला तिने एकदाही "हो" म्हटलं नाही. धागा नसेल तर बॉलपेनचं टोक हलकेच टेकवून "कुठे लागलं ते बोटाने दाखवा" म्हणायचं, तेवढ्यावरही भागतं. शेवटी दोन्ही कोपरांमागची नस चाचपली. डावी मऊ होती. उजवी सुतळीसारखी जाड लागली आणि दाबताच ती कळवळली. अंगावर सात चट्टे निघाले, त्यातला कोपराजवळचा लालसर आणि फुगीर झाला होता. रिअॅक्शन चालू होती.

मी तिला एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला: सुई ओवता येईना, त्याला किती दिवस झाले? तिने सणावरून हिशोब लावला आणि सांगितलं, साधारण पाच आठवडे.

या उत्तरावर पुढचं सगळं ठरणार होतं. सूज नवी असते तेव्हा बरेच धागे मेलेले नसतात. त्यांचं आवरण बिघडलेलं असतं, निरोप अडलेला असतो. सूज उतरली तर आवरण काही आठवड्यांत, महिन्यांत पुन्हा चढतं. पण दाब तसाच राहिला तर धागा तुटतो, आणि तुटलेला धागा कोपराकडून पुन्हा वाढत यायला हवा. त्याचा वेग चांगल्या स्थितीतही दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर. कोपरापासून करंगळीच्या मुळापर्यंतचं अंतर 27 सेंटिमीटर धरलं, तर 270 दिवस झाले. तेही वाट मोकळी असेल तर, आणि जुन्या सुजेने नसेत व्रण धरलेला असतो. तिकडे हुकूम न मिळालेले तळव्यातले स्नायू आटत जातात, वर्ष-दीड वर्षानंतर धागा पोचला तरी त्यांना जागं करणं कठीण. म्हणून सहा महिन्यांच्या आतली कमजोरी ही नवी समजून उपचार करायचे, असा प्रघात आहे.

तिला दोन वेगवेगळे उपचार सुरू झाले, आणि लोकांचा गोंधळ नेमका इथेच होतो. पाचपेक्षा जास्त चट्टे असल्यामुळे रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन या तीन औषधांचा 12 महिन्यांचा कोर्स. तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो आणि जंतू मारतो. पण मेलेल्या जंतूंवरही प्रतिकारशक्ती चवताळू शकते, त्यामुळे गोळ्या चालू असताना, कधी संपल्यावरही, नस सुजते. "गोळ्यांनीच हात गेला" म्हणून औषध सोडणारे मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी जीव तुटला आहे. कोर्स चालूच ठेवायचा असतो. सुजेसाठी औषध वेगळं, प्रेडनिसोलोन. तिला रोज 40 मिलिग्रॅमवर सुरू करून काही महिन्यांत हळूहळू उतरवलं. त्याआधी साखर आणि क्षयाची तपासणी केली, कारण हे औषध दोन्ही वाढवू शकतं. ते मनाने सुरू करायचं नाही आणि एकदम तोडायचंही नाही. सुरुवातीचे काही आठवडे कोपर पूर्ण न दुमडता कापडी गादीच्या पट्टीत ठेवलं, म्हणजे खोबणीत नस ताणली जाणार नाही.

दुसऱ्या महिन्यात करंगळी दाबाखाली थोडी टिकायला लागली. पाचव्या महिन्यात दोन्ही करंगळ्यांत फरक काढायला मला नीट दाबून बघावं लागलं. 2 ग्रॅमचा धागा तळव्याला कळू लागला, करंगळीच्या टोकाला नाही. सगळ्यांचं इतकं भरून येत नाही. वेळेवर औषध मिळूनही काहींची नस सुधारत नाही. दोन वर्षं वाकलेली बोटं घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत तर स्नायूबंध फिरवून बसवण्याची शस्त्रक्रिया करता येते. तिने बोट सरळ होतं, वापरात येतं, पण स्पर्श परत येत नाही.

आशाताई दर महिन्याला गोळ्यांचं पान द्यायला जातात, तेव्हा तिची करंगळी आणि कागद आता त्याच तपासतात. संध्याकाळी ती हात पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवते, ओल्या कातडीवरच तेल चोळते आणि दिव्याखाली दोन्ही तळवे बघते. भाकरी उलटायला लाकडी उलथनं घेतलंय. हाताने उलटलेली भाकरी जास्त चांगली फुगते, असं तिचं अजूनही म्हणणं आहे.