नफा वाढला, पण कुठल्या ओळीतला?

नफा-तोटा पत्रक हातात आलं की बरेच ग्राहक सरळ शेवटची ओळ बघतात, आकडा मागच्या वर्षीपेक्षा मोठा असला की खूश होऊन फाईल बंद. आमचं म्हणणं एवढंच की वरून खाली वाचा, कारण नफा तीन टप्प्यांत निघतो आणि प्रत्येक टप्पा वेगळं काहीतरी सांगतो.

समजा विक्री 100. त्या मालाला लागलेला कच्चा माल आणि थेट मजुरी 60, राहिले 40, हा ग्रॉस प्रॉफिट. त्यातून भाडं, ऑफिसचे पगार, जाहिरात, घसारा असा धंदा चालवायचा खर्च 28 गेला की 12, हा ऑपरेटिंग प्रॉफिट. मग कर्जाचं व्याज 3, उरलेल्या 9 वर टॅक्स सोपा म्हणून एक तृतीयांश धरू, म्हणजे 3, आणि हातात नेट प्रॉफिट 6.

पुढच्या वर्षी विक्री 120 आणि नेट 8. छान वाटतं ना? आता वरून बघा. मालाचा खर्च 78, ग्रॉस 42, म्हणजे आकडा वाढला खरा, पण आधी शंभराच्या विक्रीत 40 सुटायचे तिथे आता 35च सुटतायत. चालवायचा खर्च 34 झाला, म्हणून ऑपरेटिंग 8, गेल्या वर्षी तो 12 होता. मग नेट वाढला कसा, तर जुनं मशीन हिशोबातल्या किमतीपेक्षा 7 जास्त घेऊन विकलं. 8 अधिक 7, वजा व्याज 3, राहिले 12, टॅक्स 4, नेट 8. ते मशीन पुन्हा विकता येणार नाही, आणि ते 7 काढले तर नेट जेमतेम 3.3 उरतो.

म्हणून आधी ग्रॉसचं शंभरामागचं प्रमाण बघा. ते घसरलं तर माल महागलाय, सूट जास्त दिली जातेय, नासाडी वाढलीये किंवा कमी मार्जिनचा माल जास्त खपतोय. ते जागेवर असून ऑपरेटिंगचं प्रमाण घसरलं तर भाडं-पगार वगैरे विक्रीपेक्षा जोरात वाढलेत. ऑपरेटिंग ठीक आणि नेटच बारीक असेल तर बहुतेक वेळा व्याजाचा भार असतो, तिथे दुकान चांगलं चाललंय पण कर्ज जड आहे, आणि त्यावर उपाय खर्च कापणं नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही दरवर्षी परत परत सांगतो, वर्षअखेरचा स्टॉक अंदाजाने लिहू नका, प्रत्यक्ष मोजा. स्टॉक 5 ने जास्त लिहिला की मालाचा खर्च 5 ने कमी दिसतो, ग्रॉस आणि ऑपरेटिंग दोन्ही 5 ने फुगतात, नसलेल्या नफ्यावर टॅक्सही लागतो, आणि तोच स्टॉक पुढच्या वर्षीचा ओपनिंग असल्यामुळे पुढचं वर्ष तेवढंच खाली येतं. तसंच पॅकिंगचा खर्च एका वर्षी मालाच्या खर्चात आणि दुसऱ्या वर्षी ऑफिस खर्चात टाकला तर ऑपरेटिंग तेच राहील पण ग्रॉसची तुलना खोटी ठरेल. कुठला खर्च कुठे टाकायचा हे एकदा आमच्यासोबत बसून ठरवा आणि मग बदलू नका.